शेवटचा तक्ता कशासाठी? थर्ड नॉर्मल फॉर्मच्या संश्लेषणाची रीत

गेल्या वेळी आपण एका मोठ्या तक्त्यात माहिती कोंबली की काय बिघडतं, ते पाहिलं. आज उलट बाजूने जाऊ. मोठा तक्ता फोडत बसण्याऐवजी, माहितीतल्या नियमांपासूनच छोटे तक्ते बांधत आणायचे. या रीतीला संश्लेषण म्हणतात. फिलिप बर्नस्टीन यांनी ती १९७६ साली मांडली. तिची शेवटची पायरी, म्हणजे किल्लीचा तक्ता, मात्र १९७९ च्या एका निबंधातून पुढे आली. तो निबंध बिस्कुप, दयाल आणि बर्नस्टीन या तिघांचा. आजचा आपला सगळा भर त्या शेवटच्या पायरीवर आहे, कारण विद्यार्थी नेमकी तीच विसरतात.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला 'की' म्हणतात, त्याला आपण 'किल्ली' म्हणू. नाहीतर मराठी वाक्यात कुठला 'की' कुठला, हेच कळेनासं होतं.

उदाहरण गावातल्या वाचनालयाचं घेऊ. नोंदवहीत सहा रकाने आहेत: सभासद क्रमांक, नाव, गट, वर्गणी, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि शीर्षक. कोणत्या सभासदाने आजवर कोणकोणती पुस्तकं नेली, याची ही नोंद आहे. ग्रंथपालांना आपण विचारलं, "तुमच्याकडे काय ठरलं की काय ठरतं?" त्यांनी सांगितलेले नियम असे:

```
सभासद → नाव, गट, वर्गणी
गट → वर्गणी
सभासद, दाखल → शीर्षक
दाखल → शीर्षक
```

बाणाचा अर्थ एवढाच: डावीकडची किंमत ठरली की उजवीकडची एकच किंमत असू शकते. याला फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात, आपण 'अवलंबन' म्हणू. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे नियम नोंदवहीची पानं चाळून सापडत नाहीत. आज वहीत प्रत्येक नाव एकदाच आलं असेल, म्हणून 'नाव → सभासद' हा नियम होत नाही. उद्या त्याच नावाचा दुसरा सभासद येईल. अवलंबन हे वाचनालयाच्या व्यवहाराबद्दलचं विधान आहे. ते व्यवहार जाणणाऱ्याकडूनच घ्यावं लागतं. वही फार तर ते खोटं पाडू शकते, खरं ठरवू शकत नाही.

आता पहिली पायरी, मिनिमल कव्हर. म्हणजे तेवढाच अर्थ सांगणारा, पण फापटपसारा नसलेला नियमांचा संच. त्यासाठी तीन कामं करायची. पहिलं, प्रत्येक नियमाच्या उजवीकडे एकच रकाना ठेवायचा. 'सभासद → नाव, गट, वर्गणी' याचे तीन नियम होतात.

दुसरं काम, डावी बाजू तासायची. 'सभासद, दाखल → शीर्षक' हे विधान खोटं नाही, पण त्यात सभासदाचं काही काम आहे का? हे तपासायला क्लोजर काढायचं. नुसता दाखल क्रमांक हातात घ्या आणि नियम लावत किती रकान्यांपर्यंत पोचता येतं ते बघा. शीर्षकापर्यंत पोचतो! म्हणजे सभासद तिथे उगाच आहे. तो काढला की उरतं 'दाखल → शीर्षक', आणि तो नियम तर आपल्याकडे आहेच.

तिसरं काम, अख्खे फालतू नियम काढायचे. 'सभासद → वर्गणी' बाजूला ठेवा आणि उरलेल्या नियमांनी सभासदापासून निघा. सभासदावरून गट कळतो, गटावरून वर्गणी कळते. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही ज्याला संक्रामकता म्हणत आलो, तीच ही. नियम नसतानाही तो सिद्ध होतो, म्हणजे तो नको. दुसरं आणि तिसरं काम याच क्रमाने करायचं. डावी बाजू तासली की नियम अधिक बलवान होतो, आणि बलवान झालेला नियम दुसऱ्या एखाद्या नियमाला फालतू ठरवू शकतो. क्रम उलटा केला तर तो फालतू नियम तसाच राहून जाईल. शेवटी हाती उरलं ते असं:

```
सभासद → नाव
सभासद → गट
गट → वर्गणी
दाखल → शीर्षक
```

ही तासातासी कशासाठी? समजा, 'सभासद → वर्गणी' ठेवला असता. मग गट आणि वर्गणी दोन्ही सभासदाच्या तक्त्यात आले असते. 'अ' गटाची वर्गणी बदलली की त्या गटातल्या प्रत्येक सभासदाच्या ओळीत जाऊन ती बदलावी लागेल. एक ओळ राहिली, की एकाच गटाच्या दोन वर्गण्या झाल्या. थर्ड नॉर्मल फॉर्म टाळतो ते नेमकं हेच.

दुसरी पायरी सोपी. ज्या नियमांची डावी बाजू एकच, त्यांचा मिळून एक तक्ता करायचा.

```
सभासद_तक्ता(सभासद, नाव, गट)
गट_तक्ता(गट, वर्गणी)
पुस्तक_तक्ता(दाखल, शीर्षक)
```

एखादा तक्ता दुसऱ्याच्या पोटात पूर्ण मावत असेल तर तो गाळायचा. इथे तसं नाही. सहाही रकाने कुठे ना कुठे आले, सगळे नियम सांभाळले गेले, तिन्ही तक्ते थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये आहेत. झालं काम?

नाही झालं. आता बघा, कोणी कोणतं पुस्तक नेलं, हे या तीन तक्त्यांत कुठे आहे?

कुठेच नाही. समजा वाचनालयात सभासद तीन: ११, १२, १३. पुस्तकं चार: ५०१ ते ५०४. मूळ वहीत नोंदी पाच होत्या. ११ ने ५०१ आणि ५०२ नेलं, १२ ने ५०१ नेलं, १३ ने ५०३ आणि ५०४ नेलं. आता आपले तीन तक्ते पुन्हा जोडून मूळ वही मिळवायला जा. सभासद आणि गट यांचे तक्ते गटावर जुळतात. पण पुस्तकाच्या तक्त्याशी जुळायला समान रकानाच नाही. मग जोडताना प्रत्येक सभासदापुढे प्रत्येक पुस्तक येतं. तीन चोक बारा ओळी. त्यांतल्या पाच खऱ्या, सात खोट्या. १२ क्रमांकाच्या सभासदाने ५०४ ला कधी हातही लावलेला नाही, पण ओळ सांगते की नेलं. आणि पुस्तक हरवल्यावर भरपाई मागायला कोणाच्या दारात जाणार? गंमत अशी की इथे ओळी वाढल्या, तरी ज्ञान कमी झालं. खऱ्या पाच कोणत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

असं का झालं? कारण आपण तक्ते अवलंबनांपासून बांधले, आणि सभासद व पुस्तक यांचं नातं हे अवलंबन नाहीच. एक सभासद अनेक पुस्तकं नेतो, एक पुस्तक अनेकांकडे जातं. कोणीच कोणाला ठरवत नाही. नियमात न बसणारी ही निव्वळ घडलेली गोष्ट आहे. नियमांपासून सुरुवात केली की तिला जागा उरत नाही.

तिला जागा देते ती तिसरी पायरी. प्रत्येक तक्त्याच्या रकान्यांचं क्लोजर काढायचं. एखाद्याचं क्लोजर सगळ्या सहा रकान्यांपर्यंत पोचलं, तर त्याच्यात मूळ वहीची एक किल्ली आहे, काही जोडायला नको. इथे सभासदाचा तक्ता पुस्तकापर्यंत पोचत नाही, गटाचा तर नाहीच, पुस्तकाचा सभासदापर्यंत पोचत नाही. म्हणून एक किल्ली शोधायची. सगळे सहा रकाने घ्या आणि एकेक गाळत जा. गाळल्यावरही उरलेल्यांवरून सगळं कळत असेल, तर तो रकाना गेला. नाव, गट, वर्गणी, शीर्षक जातात. सभासद आणि दाखल जात नाहीत, कारण ते कुठल्याच बाणाच्या उजवीकडे नाहीत. हीच किल्ली, आणि तिचा चौथा तक्ता:

```
नेआण(सभासद, दाखल)
```

आता हा एक तक्ता जोडल्याने सगळं ठीक कसं होतं, ते बघू. नेआण तक्त्यातली एक ओळ घ्या: ११, ५०२. ११ वरून सभासदाच्या तक्त्यात जा, एकच नाव आणि एकच गट मिळतो. गटावरून गटाच्या तक्त्यात जा, एकच वर्गणी मिळते. ५०२ वरून एकच शीर्षक. प्रत्येक टप्प्यावर उत्तर एकच, त्यामुळे खोटी ओळ शिरायला फटच नाही. आणि हा प्रवास ओळखीचा वाटतो का? किल्लीचं क्लोजर काढताना आपण ज्या वाटेने गेलो, तीच ही वाट. तिथे आपण रकान्यांच्या नावांवरून चाललो, इथे प्रत्यक्ष किमतींवरून चालतो. किल्लीवरून सगळं ठरतं, हेच तक्ते बिनचूक जुळण्याचं कारण आहे.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, तेही इथे देतो.

पहिला प्रश्न: चौथा तक्ता प्रत्येक वेळी लागतोच का?

नाही. समजा, ही वही फक्त आज बाहेर असलेल्या पुस्तकांची आहे. एक प्रत एका वेळी एकाकडेच असणार, म्हणून 'दाखल → सभासद' हा नवा नियम आला. मग पुस्तकाचा तक्ता होतो (दाखल, शीर्षक, सभासद). त्याचं क्लोजर काढा, सगळे सहा रकाने येतात. किल्ली आधीच आत आहे, काही जोडायचं नाही. रकाने तेच, पण 'आजवर' आणि 'आज' एवढ्या फरकाने रचना बदलली. आणि एक सावधगिरी बाळगा. एका वहीच्या किल्ल्या अनेक असू शकतात. आपल्याला सापडलेली किल्ली कुठल्या तक्त्यात नाही, एवढ्यावरून तक्ता जोडू नका. कदाचित दुसरी किल्ली कुठेतरी असेल. म्हणून तपास क्लोजरनेच करायचा.

दुसरा प्रश्न: नेल्याची तारीखही ठेवायची असेल तर?

एकच सभासद तेच पुस्तक पुन्हा नेऊ शकतो, आणि तारीख कशावरूनच ठरत नाही. म्हणजे ती कुठल्याही नियमात येणार नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलात, तर तारखेचा रकानाच नाहीसा होईल, आणि तसं झाल्याचं कोणी सांगणारही नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र ती आपोआप किल्लीत येते: (सभासद, दाखल, तारीख). म्हणून घरी सराव करताना शेवटी एक साधी मोजणी करा. मूळ वहीतला प्रत्येक रकाना कुठल्यातरी तक्त्यात आहे ना? एखादा हरवलेला दिसला, तर तिसरी पायरी राहिली आहे, असं खुशाल समजा. पण सगळे रकाने दिसले म्हणून ती झाली असं समजू नका. आपल्या पहिल्या उदाहरणात सहाच्या सहा जागेवर होते.