मांडी दुखते आणि एक्स-रे कंबरेचा निघतो

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेणाऱ्या बायका आता जवळपास प्रत्येक कुटुंबात सापडतात. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. काहींना याच कुळातल्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन वर्षातून एकदा लावतात. या कुळाचं नाव बिस्फॉस्फोनेट. खुब्याचं आणि मणक्याचं फ्रॅक्चर टाळण्यात ही औषधं खरोखर उपयोगी आहेत, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. कारण पुढे वाचाल त्याने घाबरून उद्या गोळी बंद करणं हे गोळी घेण्यापेक्षा धोक्याचं ठरू शकतं.

तरीही ही औषधं अनेक वर्षं घेणाऱ्यांपैकी मोजक्या लोकांच्या मांडीचं हाड न पडता, न आपटता मोडतं. खुर्चीतून उठताना, एखादी पायरी चढताना, नुसतं वळताना. २००७ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी अशा बायकांची नोंद प्रसिद्ध केली. खुब्याच्या खाली, मांडीच्या वरच्या भागात, किरकोळ कारणाने हाड मोडलेल्या १३ जणींपैकी ९ जणी अ‍ॅलेंड्रोनेटवर होत्या. पुढे जगभरातून अशाच नोंदी आल्या आणि या फ्रॅक्चरला ‘एटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं, असं नाव पडलं.

हे अचानक घडल्यासारखं दिसतं, पण बहुतेकदा तसं नसतं. दहातल्या सुमारे सात जणींना हाड मोडण्याआधी काही आठवडे किंवा काही महिने मांडीत नाहीतर जांघेत दुखत असतं. दुखणं खोल आणि बोथट असतं, पायावर भार टाकला की वाढतं आणि बसलं की कमी होतं. साठी-सत्तरीत कुणाचं काही दुखत नाही असं नसतंच, म्हणून हे दुखणं सहज वयावर ढकललं जातं. नाहीतर कंबरेवर.

हाडाच्या आत काय चाललेलं असतं? जिवंत हाडात रोजच्या वापराने अतिसूक्ष्म चिरा पडत असतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ते चिरलेलं हाड कुरतडून काढतात आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. खड्डा बुजवण्यापूर्वी कामगार त्याच्या उखडलेल्या कडा खणून काढतात, तसंच हे. बिस्फॉस्फोनेट हाडातल्या खनिजाला चिकटून बसतं आणि कुरतडायला आलेल्या ऑस्टिओक्लास्टला निकामी करतं. ठिसूळ हाडात कुरतडणं भरण्यापेक्षा जास्त झालेलं असतं, म्हणून तिथे हा लगाम फायद्याचा. पण तोच लगाम वर्षानुवर्षं राहिला तर चिरलेला भाग खणून काढायला कुणी उरत नाही.

मांडीच्या हाडाची रचना इथे आड येते. खुब्याचा गोळा आतल्या बाजूला असल्यामुळे शरीराचा भार हाडावर सरळ न येता ते किंचित वाकवत येतो. आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. चीर ताणलेल्या बाजूला वाढते. म्हणून हे फ्रॅक्चर नेहमी मांडीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतं आणि आडवं आत सरकतं. शरीर बाहेरून नवं हाड चढवून ते सांधायचा प्रयत्न करतं, पण मूळ चीर आत तशीच राहते.

एक्स-रेमध्ये नेमकं हेच वाचायचं असतं. मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत एका जागी जाड होऊन चोचीसारखी पुढे आलेली दिसते. त्या चोचीत एक बारीक आडवी काळी रेघ दिसली, तर चीर हाडात शिरली आहे. हाड पूर्ण मोडलं की रेघ आतल्या कडेपर्यंत जाते आणि तिथे बरेचदा एक टोकदार काटा निघतो. अपघातात मोडलेल्या हाडासारखे तुकडे सहसा होत नाहीत, झालेच तर एखाद-दोन बारीक.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही, पण असे कागद घेऊन येणाऱ्या बायका अस्थितज्ज्ञांच्या ओळखीच्या आहेत. वय ६७. आठ वर्षांपूर्वी खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ होता, तेव्हापासून दर आठवड्याला गोळी. कधी फ्रॅक्चर नाही, स्टेरॉइड नाहीत. दोन महिन्यांपासून जिना चढताना उजवी मांडी दुखते. कंबरेचा एमआरआय निघतो आणि त्यात एक गादी थोडी सरकलेली दिसते. या वयात बहुतेकांच्या एमआरआयमध्ये ती दिसतेच. सायटिका म्हणून व्यायाम आणि वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. दुखणं वाढतं तेव्हा खुब्याचा एक्स-रे निघतो, तोही ठीक. गुडघ्याचाही ठीक. चीर असते ती या दोन फोटोंच्या मधल्या जागेत, जिथे कुणी पाहिलेलंच नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत टाळता येण्यासारखी चूक हीच आहे. बिस्फॉस्फोनेट काही वर्षं घेणाऱ्या व्यक्तीची मांडी किंवा जांघ दुखत असेल, तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढायला हवा, आणि दोन्ही पायांचा. औषध दोन्ही हाडांत सारखंच असतं आणि दुसऱ्या पायातही चीर असणं मुळीच विरळ नाही. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तरी दुखणं थांबत नसेल तर मांडीचा एमआरआय काढतात. त्यात चिरेभोवतीच्या हाडाला आलेली सूज रेघ दिसण्याआधीच कळते.

आपल्या रुग्णाच्या उजव्या मांडीत चोच आणि अर्धवट रेघ सापडली, असं धरू. बिस्फॉस्फोनेट त्याच दिवशी बंद होतं. त्या पायावरचा भार वॉकरने किंवा कुबड्यांनी कमी केला जातो, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली जाते. दुखणं असेल किंवा रेघ खोल असेल, तर हाड मोडायची वाट न पाहता आत रॉड घालण्याचा सल्ला देतात. ठरवून केलेली ही शस्त्रक्रिया मोडल्यानंतरच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ सोपी असते, कारण पूर्ण मोडलेलं असं हाड जुळायला नेहमीपेक्षा फार वेळ घेतं.

मग ही गोळी घ्यावी की नाही? २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कैसर परमानेंते या आरोग्यसंस्थेच्या सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी जितकी अधिक वर्षं, तितका धोका चढत जातो, हे त्यात स्वच्छ दिसलं. १० हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षं औषध घेतलं, तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची ही वेगळी फ्रॅक्चर २ होतात, असा त्यांचा हिशेब. आशियाई वंशाच्या स्त्रियांत मात्र टळलेली ९१ आणि झालेली ८. फायदा अजूनही कितीतरी मोठा आहे, पण अंतर कमी झालं आहे. म्हणून औषध किती वर्षं चालू ठेवायचं, हा प्रश्न आपल्याकडे जास्त काटेकोरपणे विचारायला हवा.

त्याचं उत्तर औषधाच्या एका गुणात दडलेलं आहे. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, गोळी थांबवल्यावरही त्याचा परिणाम हळूहळूच ओसरतो. मांडीच्या वेगळ्या फ्रॅक्चरचा धोका मात्र वेगाने घटतो. स्वीडनमधल्या २०११ च्या अभ्यासात शेवटच्या डोसानंतर तो दर वर्षी सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे काही काळ असा मिळतो, जेव्हा संरक्षण बरंचसं शिल्लक असतं आणि धोका उतरलेला असतो. या सोयीलाच डॉक्टर ‘ड्रग हॉलिडे’ म्हणतात.

ही सुट्टी सरसकट नसते. गोळी पाच वर्षं किंवा सलाईन तीन वर्षं झालं की थांबून हिशेब करायचा. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर आला असेल, आधी खुब्याचं किंवा मणक्याचं फ्रॅक्चर नसेल, स्टेरॉइड चालू नसतील, तर औषध थांबवून दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासतात. फ्रॅक्चर झालेलं असेल किंवा स्कोअर अजून खाली असेल, तर गोळी दहा वर्षांपर्यंत किंवा सलाईन सहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याचा विचार होतो. याचं कारणही अभ्यासात आहे. पाच वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट घेतलेल्या स्त्रियांपैकी काहींची गोळी थांबवली आणि काहींची आणखी पाच वर्षं चालू ठेवली, तेव्हा त्रास देणारी मणक्याची फ्रॅक्चर थांबवलेल्यांत ५.३ टक्के आणि चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के होती. आपल्या रुग्णाचा पाचव्या वर्षीचा स्कोअर उणे २.२ असता, तर तिची गोळी तेव्हाच थांबली असती. तो हिशेब कुणी केलाच नाही, जुनी चिठ्ठी पुढे चालत राहिली.

दुसरा दुष्परिणाम जबड्याचा. दात काढल्यावर जखम भरत नाही, हिरडीतून उघडं, खरखरीत हाड जिभेला लागतं आणि आठ आठवड्यांनंतरही तसंच राहतं. जबड्याला रेडिएशन दिलेलं नसेल, तर याला औषधाने झालेला जबड्याचा अस्थिक्षय म्हणतात. २००३ मध्ये याची पहिली नोंद झाली. मोठा धोका कर्करोगाच्या रुग्णांना असतो, कारण त्यांना हेच झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दर तीन-चार आठवड्यांनी दिलं जातं. ठिसूळ हाडांसाठी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांत पाचाच्या आत आहे. तरीही औषध सुरू करण्यापूर्वी दात तपासून, काढायचे ते काढून घ्यावेत. औषध चालू असताना दात किडला तर दंतवैद्याला औषधाचं नाव सांगून उपचार घ्यावेत, कारण सडका दात तसाच ठेवला तर संसर्ग जबड्यापर्यंत जातो. दात काढण्याआधी महिनाभर गोळी थांबवल्याने फायदा होतो, याला ठोस पुरावा नाही. औषध तर हाडातच आहे.

शेवटी एक सावधगिरी. हाडांसाठी दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर त्वचेखाली घ्यायचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन असेल, तर ते डेनोसुमॅब आहे, बिस्फॉस्फोनेट नव्हे. ते हाडात साठत नाही. तारीख चुकली तर हाडांची झीज उसळी घेते आणि मणक्याची एकाहून अधिक फ्रॅक्चर होऊ शकतात. त्याला सुट्टी नसते. ते थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. तेव्हा आज घरातल्या औषधांच्या फाइलमधून एवढंच काढा: औषधाचं नाव काय आणि ते कोणत्या साली सुरू झालं. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर हे दोन्ही ठेवा.