चाळीस लाखांचे येणे आणि ऑडिटरचे मत

उदाहरणादाखल एक कापड कंपनी घेऊ. करपूर्व नफा 2 कोटी. एका ग्राहकाकडून 40 लाख येणे आहे आणि तो मे महिन्यात दिवाळखोरीत गेला. ताळेबंद 31 मार्चचा असला, तरी ग्राहकाची अवस्था तेव्हाच बिघडलेली होती, म्हणून तरतूद त्याच वर्षी हवी. व्यवस्थापन म्हणते, “पैसे येतील.” ऑडिटरला तसा पुरावा मिळत नाही.

आता त्याला दोनच प्रश्न सोडवायचे आहेत. पहिला, चूक मोठी आहे का? नफ्याच्या 5 टक्के हा नेहमीचा आडाखा लावला तर मर्यादा 10 लाखांची येते. म्हणजे चूक मोठी आहे. दुसरा, ती साऱ्या हिशेबात पसरली आहे का? नाही, ती एकाच खात्यात आहे. म्हणून मत क्वालिफाइड: ‘ही बाब वगळता’ हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात.

याच कंपनीने जुना, न खपणारा माल पूर्ण किमतीला दाखवला असता आणि बँकेचे व्याजही नोंदवले नसते, तर नफ्याच्या जागी तोटा निघाला असता. मग ‘वगळता’ म्हणून भागत नाही. तिथे अ‍ॅडव्हर्स मत, म्हणजे हिशेब खरे चित्र दाखवत नाहीत असे स्पष्ट सांगणे.

पुरात दप्तरच वाहून गेले आणि ग्राहकांची पत्रे, बँकेचे उतारे अशा पर्यायी मार्गांनीही पुरावा जमला नाही, तर गोष्ट वेगळी. हिशेब चूक आहेत की बरोबर, हेच कळत नाही. म्हणून डिस्क्लेमर, मत देण्यास नकार. पुरावा एकाच गोदामापुरता अपुरा असेल, तर मात्र क्वालिफाइड पुरते.

भारतात या मतांचे नियम एसए 705 मध्ये आहेत. स्वच्छ अहवालाचा साचा एसए 700 मध्ये. अहवालात मत सर्वांत आधी येते आणि लगेच त्याचा आधार. आपल्या कंपनीत तिथे ‘क्वालिफाइड मताचा आधार’ असे शीर्षक देऊन लिहावे लागेल: तरतूद केली असती तर करपूर्व नफा आणि येणी दोन्ही 40 लाखांनी कमी झाली असती. आकडा काढता येत असताना तो न देणे हा अहवालातला दोषच. पुढे व्यवस्थापनाच्या व ऑडिटरच्या जबाबदाऱ्या, कायद्याने मागितलेली माहिती आणि शेवटी सही, सदस्य क्रमांक, यूडीआयएन, ठिकाण, तारीख.

विद्यार्थी हमखास घसरतात ते ‘एम्फसिस ऑफ मॅटर’वर. वर्ष संपल्यावर कारखान्याला आग लागली आणि टिपांमध्ये ते नीट सांगितले असेल, तर त्याकडे लक्ष वेधणारा हा परिच्छेद असतो. मत त्याने बदलत नाही. बुडीत येण्याची तरतूद टाळणाऱ्या कंपनीला हा परिच्छेद देऊन सोडणे म्हणजे पळवाट, आणि परीक्षेत ते उत्तर चूकच ठरते.