सस्नेह निमंत्रण, आणि तळाची एक ओळ

चित्रप्रदर्शनाच्या निमंत्रणात विक्रीबद्दल लिहायचं म्हटलं की चित्रकार अडखळतो. लिहावं तर दुकानाची जाहिरात वाटेल अशी धास्ती, न लिहावं तर लोक चित्रं बघून, कौतुक करून निघून जातात. ‘हे विकत मिळतं का?’ असं विचारायला पाहणाराही संकोचतो. ही कोंडी निमंत्रणातली एक ओळ फोडू शकते. मात्र त्याआधी वेळ आणि पाहुणे नीट मांडलेले हवेत.

मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी घेऊ. १९५२ साली काळा घोडा भागात उभी राहिलेली ही वास्तू चित्रकारांना आठवड्याच्या हिशेबाने दालन देते आणि तिथला आठवडा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतो. दालन सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडं असतं. समजा, कोकणातल्या खाड्यांची जलरंगातली चित्रं ८ ते १४ डिसेंबर २०२६ या आठवड्यात लागणार आहेत.

इथे निमंत्रणात दोन वेगळ्या वेळा येतात. उद्घाटन मंगळवारी संध्याकाळी ५ वाजता, प्रदर्शन रोज ११ ते ७. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या की घोटाळा होतो: कुणी मंगळवारी अकराला येऊन पाहुण्यांची वाट पाहतो, तर कुणाला सगळं पाचलाच सुरू होतं असं वाटतं. म्हणून दोन ओळी कराव्यात आणि तारखेसोबत वार लिहावा. नोकरदार माणूस आधी वार बघतो. या आठवड्यात शनिवार-रविवार एकदाच येतात, तेव्हा ‘शनिवार-रविवारीही खुले’ हे शब्द जागा अडवत नाहीत. शेवटच्या संध्याकाळी चित्रं उतरवायची असतात. त्या दिवशी लवकर आवरणार असाल तर तसं स्पष्ट लिहा.

पाहुण्यांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती अशी नावं वाढत जातात आणि ज्याची चित्रं आहेत त्याचं नाव कोपऱ्यात बारीक होतं. एक उद्घाटक आणि फार तर एक वक्ता पुरे. ‘ज्येष्ठ’, ‘सुप्रसिद्ध’ अशा विशेषणांऐवजी त्यांचा विषयाशी असलेला संबंध सांगावा. ‘किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे अभ्यासक’ हे वाचल्यावर खाड्यांच्या चित्रांसमोर ते काय बोलतील याचं कुतूहल वाटतं. पाहुण्यांचा होकार, नावाचं त्यांना हवं तसं लेखन आणि वेळ, या तिन्ही गोष्टी छापण्याआधी पक्क्या कराव्यात. एकदा कार्ड वाटल्यावर पाहुणे बदलले, तर दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आता विक्री. निमंत्रणावर किमती छापू नयेत. चित्र बघण्याआधीच आकडा दिसला की वाचणारा घरबसल्या निर्णय घेऊन मोकळा होतो. ‘सवलतीच्या दरात’ हे शब्द तर टाळावेतच, कारण पूर्वी पूर्ण किंमत देऊन चित्र घेतलेल्याला ते बोचतात. किंमतपत्रक दालनातल्या टेबलावर ठेवायचं आणि निमंत्रणात ते आहे एवढंच सांगायचं. काही चित्रं कुणाच्या संग्रहातली असतील, तर ‘काही चित्रे’ असा शब्द हवा. नाहीतर नेमकं तेच चित्र कुणाला तरी आवडतं.

सगळं जुळवून मजकूर असा होईल:

‘सस्नेह निमंत्रण. “खाडीकाठ”, जलरंगातील चित्रांचे प्रदर्शन. उद्घाटन: मंगळवार, ८ डिसेंबर २०२६, सायं. ५ वा., किनाऱ्यावरील वनस्पतींचे अभ्यासक (नाव) यांच्या हस्ते. ते खाडीकाठच्या झाडांविषयी थोडे बोलतील. प्रदर्शन: १४ डिसेंबरपर्यंत, रोज स. ११ ते सायं. ७, शनिवार-रविवारीही खुले. स्थळ: जहांगीर आर्ट गॅलरी, काळा घोडा, मुंबई. निवांत चित्रे पाहायला या. एखादे चित्र घरी न्यावेसे वाटलेच, तर किंमतपत्रक दालनात ठेवले आहे.’

शेवटच्या ओळीतलं ‘वाटलेच, तर’ महत्त्वाचं आहे. फक्त बघायला येणाऱ्यावर त्याचं ओझं पडत नाही आणि घेऊ इच्छिणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं. तिची जागाही तळाशीच. वर नेली की उद्घाटनाचं आमंत्रण मागे पडतं.

या ओळीने दिलेला शब्द दालनात पाळावा लागतो. किंमतपत्रकात प्रत्येक चित्राचा क्रमांक, माध्यम, आकार आणि चौकटीसह किंमत असावी. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावतात. चित्र मात्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं, म्हणजे रविवारी येणाऱ्याला मोकळी भिंत बघावी लागत नाही. चित्र कधी नेता येईल, हे पैसे घेतानाच सांगून पावतीवर लिहून द्यावं.