म आणि नी: ‘ऑटम लीव्ह्ज’ची हार्मनी

जोसेफ कोस्माने बांधलेलं आणि जाक प्रेव्हेरने लिहिलेलं एक फ्रेंच गाणं 1946 च्या ‘ले पोर्त द ला न्वी’ या चित्रपटात आलं. पुढे जॉनी मर्सरने त्याला इंग्रजी शब्द दिले आणि ते ‘ऑटम लीव्ह्ज’ झालं. 1958 मध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्लीने माइल्स डेव्हिसला सोबत घेऊन ते वाजवलं, 1959 च्या अखेरीस बिल इव्हान्सच्या त्रयीने. तेव्हापासून जॅझ शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हाताखालून हे गाणं जातं. त्याचे पहिले आठ बार नीट उलगडले तर जॅझची हार्मनी कशी चालते हे हार्मोनियमवरही कळतं. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड.

पांढरी पाचला सा धरा. पहिल्या बारात कॉर्ड आहे रे-म-ध-सा, दुसऱ्यात प-नी-रे-म, तिसऱ्यात सा-ग-प-नी. या तीन कॉर्डचे पायाचे स्वर रे, प आणि सा, म्हणजे सप्तकातले दुसरा, पाचवा आणि पहिला. म्हणून या चालीला ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात. जॅझच्या शेकडो गाण्यांत ती वेगवेगळ्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा भेटते.

चार-चार स्वर एकदम दाबून तिच्यातली गंमत हाती लागत नाही. प्रत्येक कॉर्डमधले दोनच स्वर ठेवा, पायापासून तिसरा आणि सातवा. पहिल्या कॉर्डमध्ये उरतात म आणि सा, दुसरीत म आणि नी, तिसरीत ग आणि नी. आता या जोड्या ओळीने वाजवा: सा-म, नी-म, नी-ग. आधी सा अर्ध्या स्वराने खाली उतरून नी होतो आणि म जागचा हलत नाही. मग म अर्ध्या स्वराने उतरून ग होतो आणि नी जागेवर राहतो. प्रत्येक पायरीला एकच बोट सरकतं, तेही शेजारच्या पट्टीवर. तरीही खाली रे, प, सा धरले की कान म्हणतो, आपण घरी पोचलो. पियानोवादकाचा डावा हात कित्येकदा एवढंच वाजवतो. पाया बासवाला सांभाळतो आणि बाकीचे स्वर चवीपुरते येतात.

कोस्माच्या सुरावटीची खुबी इथेच आहे. तिचा पहिला तुकडा मंद्रातल्या ध-नी वरून सा घेत म वर जाऊन थांबतो. दुसरा मंद्र प-ध-नी वरून ग वर, तिसरा मंद्र म-प-ध वरून रे वर आणि चौथा सा वर थांबतो. थांबण्याच्या जागा बघा: म, ग, रे, सा. यातला म पहिल्या कॉर्डचा तिसरा स्वर आहे. तो दुसऱ्या बारात लांबतो तेव्हा तिथल्या कॉर्डचा सातवा होतो आणि तिसऱ्या बारात ग वर उतरतो. हार्मनी ज्या स्वरांवर चालते त्यातलाच एक धागा कोस्माने गायकाच्या तोंडी दिला आहे. पुढच्या चार बारांत हीच चाल ध ला घर मानून मायनरमध्ये येते.

आता दुसऱ्या बारातली म आणि नी ही जोडी बघू. दोघांत सहा अर्धस्वरांचं अंतर आहे, सप्तकाच्या बरोबर अर्धं. यालाच ट्रायटोन म्हणतात. या अंतराला वरचं-खालचं टोक नसतं, कारण म पासून नी जितका दूर, तितकाच नी पासून वरचा म. ही जोडी ऐकताना अस्वस्थ वाटतं आणि ती सुटावीशी वाटते. घराची ओढ लागते ती याच अस्वस्थतेतून. पण ती एकट्या प च्या कॉर्डची मालमत्ता नाही. कोमल रे ला पाया धरून त्याच घडणीची कॉर्ड बांधली तर स्वर येतात कोमल रे, म, कोमल ध आणि नी. म आणि नी जसेच्या तसे आहेत, फक्त भूमिका बदलल्या: आधी नी तिसरा आणि म सातवा होता, आता म तिसरा आणि नी सातवा. म्हणून प च्या जागी कोमल रे ची कॉर्ड ठेवता येते. हेच ट्रायटोन सब्स्टिट्यूशन. बास आता रे, कोमल रे, सा असा पायरी पायरीने घसरतो आणि वरची बोटं आधीच्याच जागी राहतात.

नियम इथे संपतो, पण गाणं अजून सुरूच आहे. दुसऱ्या बारात गायक म सोडून मंद्र प, ध, नी म्हणतो. कोमल रे च्या कॉर्डवर म आणि नी घरचेच आहेत. प त्या कॉर्डचा स्वर नाही, पण तो तिच्यावर फार सुंदर चमकतो, आणि या बदलाची खरी लज्जत मला त्या प मध्येच वाटते. अडतो तो ध. सुरावटीत शुद्ध ध आहे, कॉर्डमध्ये कोमल. दोन्ही एकाच वेळी वाजले की गायक बेसूर झाल्यासारखा वाटतो आणि दोष मात्र पियानोचा असतो. उपाय सोपा आहे: कॉर्डमधला कोमल ध गाळायचा. तिची ओळख म-नी या जोडीवर टिकते, त्यामुळे काहीच बिघडत नाही.

हाव सुटली की मात्र बिघडतं. कोमल रे ची कॉर्ड आणली, तर तिच्याआधी तिची स्वतःची ‘टू’ही आणू, असं शिकणाऱ्याला हमखास सुचतं. ती कोमल ध वर उभी राहते आणि तिच्यात तीव्र म असतो. बाराच्या पहिल्या दोन मात्रांत ती बसवली तर दुसऱ्या मात्रेला गायकाचा प आणि कॉर्डचा तीव्र म एकमेकांवर घासतात. कागदावर हिशेब चोख असतो, पण कानाला ते खुपतं. सोलो चालू असताना हीच जोडी बेलाशक चालते, कारण तेव्हा मूळ सुरावट कुणी गात नसतं. म्हणून डाव्या हाताने नवी कॉर्ड धरून मूळ ओळ तोंडाने सावकाश म्हणावी. कुठल्या मात्रेला घसा अडखळतो, ते लगेच कळतं.

सुरावट ज्याला आपणहून वाट देते असा एक बदल तिसऱ्या बारात आहे. तिथे गायक ग वर थांबलेला असतो आणि चौथ्या बारात म च्या पायावरची म-ध-सा-ग ही कॉर्ड यायची असते. तिसऱ्या बाराच्या उत्तरार्धात तीव्र म वरची सातव्या स्वराची कॉर्ड ठेवा: तीव्र म, कोमल नी, कोमल रे, ग. सा ची कॉर्ड सातवा स्वर कोमल करून म कडे झुकवली असती, तर तिच्या बदली हीच आली असती. गायकाचा ग जागचा हलत नाही. सा च्या कॉर्डवर तो तिसरा होता, इथे सातवा झाला आणि पुढच्या बारात म वर पोचल्यावरही सातवाच राहिला, पण या वेळी निवांत. बास सा वरून तीव्र म आणि तिथून शुद्ध म असा येतो. गायकाने काहीच केलेलं नसतं, तरी त्याच्या एका स्वरावर तीन वेगळे प्रकाश पडतात.

बँडमध्ये हे बदल न ठरवताही होतात. पियानोवाल्याने कोमल रे ची कॉर्ड लावली आणि बासवाला जुन्या प वरच राहिला, तरी निभावतं. म-नी दोघांना समाईक असतात आणि कोमल रे, कोमल ध हे प वर चढवलेल्या तिखट रंगासारखे ऐकू येतात. उलट बासवाला कोमल रे वर गेला आणि सोलोवादक शुद्ध रे वर लांब थांबला, तर ती टक्कर लपत नाही. अशा वेळी अनुभवी वादक रे वरून पटकन म किंवा नी वर सरकतो.

आता हे बदल किती करायचे? ‘ऑटम लीव्ह्ज’चे पहिले आठ बार लगेच दुसऱ्यांदा येतात. सहाव्या बारात, मायनरच्या वाटेवर, ग च्या कॉर्डच्या जागी कोमल नी ची कॉर्डही बसते. तिथेही गाळायचा स्वर एकच: कॉर्डचा शुद्ध म, कारण सुरावटीत तीव्र म आहे. पण प्रत्येक संधीला बदल केला तर बास सतत अर्ध्या-अर्ध्या स्वराने घरंगळत राहतो आणि रे-प-सा या उडीचा कणखरपणा कानाला मिळतच नाही. मी पहिली आवृत्ती जशीच्या तशी ठेवीन, अगदी मोकळ्या कॉर्डवर. दुसऱ्या आवृत्तीत फक्त दुसऱ्या बारात कोमल रे आणीन आणि सहावा बार मूळचाच ठेवीन.