क्रॉस स्टिचच्या फुलात पाकळ्यांना उठाव

क्रॉस स्टिचमधले फूल चौकोनी टाक्यांचे असते, त्यामुळे पाकळीचा गोलवा रेषेतून नव्हे, तर दोऱ्यांच्या गडद-फिक्या छटांतून दिसतो. गुलाबी फुलासाठी एकाच रंगकुळातल्या चार छटा पुरतात. डीएमसीच्या दोऱ्यांत ८१८ अगदी फिका, ३३२६ फिका, ८९९ मध्यम आणि ३०९ गडद गुलाबी आहे.

आधी उजेडाची दिशा ठरवावी. तो वरून डावीकडून येतो असे धरले, तर पाकळीच्या त्या बाजूच्या वळलेल्या कडेवर ८१८ येतो. मधला पसरट भाग ३३२६चा आणि फुलाच्या मध्याकडे उतरणारा भाग ८९९चा होतो. ३०९ फक्त देठाजवळच्या खोलगट भागात आणि वरच्या पाकळीची सावली खालच्या पाकळीवर पडते तिथे वापरावा. फिक्या कडेला लागून गडद टाके आले, की वरची पाकळी पुढे आल्यासारखी दिसते. सावलीसाठी काळा दोरा घेतला, तर तिथे भोक पडल्यासारखे वाटते.

छटा फार जवळच्या असतील तर लांबून त्या एकच दिसतात आणि फूल सपाट होते. म्हणून लड्या कापडावर शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात मोबाइलने कृष्णधवल फोटो काढावा. त्यात दोन लड्या सारख्याच करड्या दिसल्या, तर त्यांतली एक बदलावी. छटांच्या सीमा सरळ पट्ट्यांसारख्या न ठेवता दोन-तीन टाके एकमेकांत शिरू द्यावेत, म्हणजे पाकळीवर पायऱ्या दिसत नाहीत.