निळी टिक आणि रांगेतला मेसेज

मंगळवारी दुपारी चार वाजता तुम्ही साहेबांना रजेचा मेसेज टाकला. चार वाजून सात मिनिटांनी टिका निळ्या झाल्या. सहा वाजले तरी उत्तर नाही. मध्ये दोनदा साहेब ‘ऑनलाइन’ दिसले, आणि तिथूनच मनात पाल चुकचुकायला लागली.

आधी यंत्राकडून नेमकं काय कळलं ते पाहू. एक राखाडी टिक म्हणजे मेसेज व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरपर्यंत पोचला. दोन राखाडी म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर किंवा फोनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर उतरला. निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या, आणि त्या एवढंच सांगतात की तुमची चॅट उघडली गेली. कोणी वाचलं, पूर्ण वाचलं का, यातलं काहीच त्यात नसतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चॅट उघडी ठेवून साहेब चहाला गेले, तरी आलेला मेसेज निळा होऊ शकतो. उलट, नोटिफिकेशनच्या पट्टीत अख्खा मेसेज वाचून काढला तर टिका राखाडीच राहतात. ‘ऑनलाइन’चा अर्थ अॅप समोर उघडं आहे इतकाच. ते कोणाच्या चॅटमध्ये आहेत, हे त्यावरून कळत नाही.

हे सगळं कळूनही मनाला लागायचं ते लागतंच. ऑस्ट्रेलियातल्या लिसा झाड्रो आणि किप विल्यम्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पडद्यावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला होता. थोड्या वेळानं बाकीचे दोन खेळाडू आपापसातच चेंडू फेकू लागत. ज्यांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, नुसता कॉम्प्युटर आहे, त्यांनाही वगळलं गेल्याचं दुःख झालं. म्हणून ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हा सल्ला फुकट जातो. त्यापेक्षा उत्तरं उशिरा का येतात, याचा हिशेब समजून घेणं जास्त उपयोगी.

तो हिशेब भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी २००५ मध्ये मांडला. माणसं कामं आली त्या क्रमानं करत नाहीत, त्या क्षणी जे महत्त्वाचं वाटेल ते आधी उचलतात. रांग अशी चालली की बहुतेक कामं झटपट उरकतात आणि थोडी कामं अतोनात रखडतात, कारण त्यांच्यापुढे दर वेळी काहीतरी नवं घुसतं. रखडलेलं काम नाकारलेलं असतंच असं नाही.

बाराबाशी आणि जुआओ ऑलिव्हेरा यांनी हाच नियम डार्विन आणि आइनस्टाइन यांच्या पत्रव्यवहाराला लावून पाहिला. डार्विननं आलेल्या पत्रांपैकी ३२ टक्क्यांना उत्तर दिलं, आइनस्टाइननं २४ टक्क्यांना. दिलेल्या उत्तरांपैकी डार्विनची ६३ आणि आइनस्टाइनची ५३ टक्के उत्तरं दहा दिवसांच्या आत गेली. उरलेल्यांतली काही फार लांबली.

त्या लांबण्याचा फटका थिओडोर कालुझाला बसला. कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात हा गणिती अगदी खालच्या पायरीवर होता. १९१९ मध्ये त्यानं पाचव्या मितीची कल्पना आइनस्टाइनला कळवली. आइनस्टाइनला ती आधी आवडली, मग त्यानं शंका काढल्या आणि प्रकरण तिथेच थांबलं. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यानं स्वतःहून पत्र लिहून आपण फेरविचार करत असल्याचं कळवलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो निबंध प्रशियन अकादमीपुढे मांडला. मधली दोन वर्षं कालुझापुढे टिका नव्हत्या, हे त्याचं नशीब म्हणायचं.

आपल्या मेसेजचं तर याहून वाईट होतं. न वाचलेल्या मेसेजवर निदान आकडा तरी दिसतो. लिफ्टमध्ये किंवा कुकरसमोर उभं राहून कोणी चॅट उघडली की तो आकडा जातो, चॅट खाली सरकते आणि आठवण करून द्यायला काहीच उरत नाही. मित्रमैत्रिणींनी ‘सीनवर ठेवलेले’ मेसेज बऱ्याचदा असेच हरवलेले असतात, असं माझं मत आहे.

मग खरोखर गप्पच बसलेत, असं कधी धरायचं? योराम काल्मन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीन प्रकारच्या ऑनलाइन उत्तरांचे वेळ तपासले. त्यात एन्रॉन कंपनीतल्या ईमेलही होत्या. निदान ७० टक्के उत्तरं सरासरी वेळाच्या आतच आली होती, आणि सरासरीच्या दहापटीनंतर आलेली फार तर ४ टक्के. हा अभ्यास व्हॉट्सअॅपचा नव्हे, पण अंदाज बांधायला चालतो.

साहेबांची मागची दहा उत्तरं चाळून पाहा. समजा त्यांना ५, ८, १२, २०, २५ आणि ४० मिनिटं, मग १, २, ५ आणि २० तास लागले होते. सरासरी निघते साधारण तीन तास, आणि ती वाढली आहे मुख्यतः त्या एका २० तासांमुळे. निम्मी उत्तरं अर्ध्या तासात आली, म्हणून आपल्याला सहा वाजताच उशीर वाटायला लागतो. पण तीन तासांची दहापट ३० तास, म्हणजे बुधवारी रात्रीचे दहा. तेव्हा आठवण करायची ती गुरुवारी सकाळी. त्याआधी चॅट उघडून पाहण्यानं हाती काही लागत नाही. मात्र तुलना सारख्या प्रश्नांची हवी. ‘मीटिंग किती वाजता’ याचं उत्तर पाच मिनिटांत देणारे साहेब रजेबद्दल आणखी कोणाला तरी विचारणार असतील. शिवाय ज्या मेसेजना उत्तरच आलं नाही, ते या सरासरीत धरलेले नसतात, हेही लक्षात ठेवायचं.

रांगेत आपला नंबर वर आणणं मात्र थोडंफार आपल्या हातात असतं. ‘सर, दिवाळीच्या रजेबद्दल जरा बोलायचं होतं, वेळ असेल तेव्हा’ हा मेसेज नम्र आहे, पण त्याला उत्तर म्हणून काय लिहायचं हे साहेबांनीच ठरवायचं, आणि ते ‘वेळ असेल तेव्हा’वर जातं. त्याऐवजी लिहा: ‘सर, सोमवार ते शुक्रवार रजा हवी आहे. माझं बिलिंगचं काम शेजारच्या टेबलवर समजावून ठेवतो. तिकीट काढायचंय, येत्या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवलंत तरी चालेल.’ याला एका शब्दात उत्तर देता येतं.

खरंच घाई नसेल तर तसंही लिहावं. लॉरा जर्ज आणि व्हेनेसा बोन्स यांच्या २०२१ च्या संशोधनात दिसलं की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या साध्या ईमेललाही लगेच उत्तर हवं असेल, असं घेणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात पाठवणाऱ्याची तेवढी अपेक्षा नसते. तातडीचं नाही, हे एका ओळीत सांगितलं की तो गैरसमज कमी होतो. रात्री अकराला मेसेज टाकणाऱ्या साहेबांनीही हे वाचायला हरकत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन निळ्या टिका बंद करता येतात, पण मग दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. ‘लास्ट सीन’चंही तसंच. वाट बघत झुरणाऱ्याला खरा फायदा या दुसऱ्या बाजूचाच आहे. ग्रुपमध्ये मात्र टिका चालूच राहतात, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही बंद होत नाही.

मित्राच्या बाबतीत दहापटीचा हिशेब मी तरी करणार नाही. तिथे दुसऱ्या दिवशी फोन लावायचा आणि मेसेजचा विषयही न काढता बोलायचं. फोनही उचलला नाही, परतही केला नाही आणि असं दोन-तीनदा झालं, तर ती रांगेची गोष्ट नाही. काय बिनसलंय ते भेटूनच विचारावं लागेल.