परत किती आलं, पुढे किती गेलं

खिडकीच्या काचेवर प्रकाश सरळ पडला, की तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. ५० ओहमच्या केबलच्या टोकाला ७५ ओहमचा रोध जोडला, तर रेडिओलहरीचीही ४ टक्केच शक्ती परतते. आकडा जुळतो तो योगायोगाने, पण कारण एकच आहे: पुढची वाट मागच्या वाटेसारखी नसली, की लहरीचा काही भाग माघारी येतो.

एस-पॅरामीटर हा याच जा-ये चा हिशेब. फिल्टरसारख्या भागाच्या एका तोंडातून लहर आत सोडायची आणि दुसऱ्या तोंडाला ५० ओहमचा भार लावायचा, म्हणजे तिथून काही परतत नाही. आत गेलेल्या लहरीच्या तुलनेत पहिल्या तोंडाशी किती परत आली, ते S11. दुसऱ्या तोंडातून किती बाहेर पडली, ते S21. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर नावाचं यंत्र हे मोजून पडद्यावर डेसिबलमध्ये दाखवतं.

पडद्यावर S11 उणे २० असेल, तर रिटर्न लॉस २० डेसिबल. नावात ‘लॉस’ असलं तरी हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं, कारण घटते ती परतणारी लहर. १० डेसिबल म्हणजे १० टक्के शक्ती परत, २० म्हणजे १ टक्का. ३ डेसिबलला मात्र निम्मी शक्ती माघारी येते.

आता वाय-फायच्या वारंवारतेवरचा एक फिल्टर घ्या: रिटर्न लॉस २० डेसिबल, S21 उणे २. परत आली १ टक्का, पलीकडे पोचली सुमारे ६३ टक्के. उरलेली ३६ टक्के फिल्टरमध्येच, मुख्यतः उष्णता होऊन, खर्ची पडली. नुसता रिटर्न लॉस पाहणाऱ्याला ही गळती दिसतच नाही. अँटेनाचंही तेच. सगळी शक्ती गिळून तापणारा ५० ओहमचा रोध उत्कृष्ट रिटर्न लॉस दाखवतो, पण तो प्रसारण करत नाही.

सर्वांत फसवी असते लांब केबल. तिच्यात एका फेरीला ३ डेसिबल घट होत असेल, तर लहर जाताना ३ आणि येताना ३ अशी ६ डेसिबलने क्षीण होते. ४ डेसिबलची सुमार अँटेना मग यंत्रावर १० डेसिबलची दिसते. म्हणून यंत्राचं कॅलिब्रेशन अँटेनाजवळच्या टोकाशी करतात: तिथे क्रमाने खुलं टोक, शॉर्ट आणि ५० ओहमचा भार जोडून. ते केलेलं नसल्याची शंका आली, तर अँटेना काढून टोक मोकळं सोडावं. सगळी लहर परतायला हवी, म्हणजे रिटर्न लॉस शून्याच्या जवळ. ६ दिसले, तर ते ६ केबलचे आहेत.